म्या की त्या

आमच्या गावच्या जत्रेची दोन वर्षांमागं एक स्मरणिका निघाली. जुनी गाणी, जुनी औतं, जुनी माणसं असं सगळं त्यात घातलं होतं. त्यात माझ्या थोरल्या आईनं रचलेलं पेरणीचं गाणं छापून आलं. थोरली आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. हे गाणं 1972च्या दुष्काळाच्या आधी दोन-तीन वर्षं झालं असेल. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. पुढं ते आमच्या माणदेशातल्या चार-पाच गावांत पसरलं. पेरणीला बायका म्हणायच्या, लग्नात हळद दळताना म्हणायच्या, आणि कुणी रचलं हे हळूहळू विसरून गेलं.

स्मरणिकेत गाणं आलं याचा आनंद झाला. पण वाचता वाचता तिसऱ्या ओळीवर अडलो. तिथं 'म्या'च्या जागी 'त्या' छापलं होतं. छापणाऱ्याला वाटलं असेल, हा अक्षर जुळवणाऱ्याचा घोटाळा आहे, म्हणून त्यानं भल्या मनानं दुरुस्त केलं. एक अक्षर बदललं, आणि त्या रानात उभी असलेली बाई गाण्यातनं निघून गेली.

माझी नात पुण्यात आठवीला आहे. सुट्टीत आली तेव्हा तिच्या वहीत हे गाणं उतरवलेलं होतं, स्मरणिकेवरूनच. शाळेत बोलीभाषेवर काही तरी लिहून न्यायचं होतं. मला म्हणाली, "आबा, मला याचा अर्थ सांगा. निम्मे शब्द कळतच नाहीत." मग आम्ही दोघं ओट्यावर बसून एकेक ओळ घेतली. माझं शिक्षण दहावी. व्याकरणाची पुस्तकं तिची, बोली माझी. गाणं मूळचं असं आहे :

घात आली गं रानाला, येळ जाया नगं बाई
धनी ममईच्या गिरणीत, त्यास्नी सुट्टी न्हाई
बैलं जुपली दिरानं, चाडं धरलं म्या हातानं
एक मूठ शाळवाची, जाती दोन नळ्यानं
उगवल्यालं बगाया, या म्हणावं दिवाळीला
न्हाई जमलं तर ऱ्हावा, कणीस धाडीन ममईला

पहिल्याच शब्दाला नात थांबली. 'घात' म्हणजे दगा, विश्वासघात. रानाला दगा कसा काय आला? मी म्हटलं, पोरी, शब्दाच्या मागं काय आहे ते बघ. 'घात झाला' म्हटलं की दगा. तो घात पुल्लिंगी. इथं आहे 'घात आली'. ही घात बाई आहे, आणि ती शेतकऱ्याची आहे. पाऊस पडून गेल्यावर रान पेरायला जोगं होतं, त्या वेळेला घात म्हणतात. पुस्तकात वाफसा म्हणतात तेच. मातीचा मुठीत लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरनं सोडायचा. पडून फुटला तर घात आली. चिखलासारखा बसला तर अजून ओल जास्त आहे. पाभर घातली तर फणाला माती चिकटते, नळ्या बुजतात. लाडू होतच नसेल तर घात गेली; दाणा कोरड्यात पडून राहतो. हलक्या रानात घात दोन दिवसांत येते आणि जाते. काळ्या रानात जरा जास्त थांबते. म्हणून पुढचे शब्द आहेत, 'येळ जाया नगं'. नुसती घाई नाही ती. त्या दोन दिवसांत वर्षाची भाकरी आहे.

'येळ' म्हणजे वेळ. आमच्याकडं 'वे' आणि 'वि' यांच्यातला व टिकत नाही. वेळ येळ होते, वेस येस होते, विळा इळा होतो, विस्तव इस्तू होतो. पण व सगळीकडं जात नाही. वारा वाराच राहतो, वाट वाटच राहते, वावर वावरच. पुढं 'ए' नाही तर 'इ' असेल तरच व पळतो. नातीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग टीव्हीवर खेडवळ माणूस दाखवतात तो बरोबर बोलतो का?" मी म्हटलं, ह्याच्यावरनंच ओळखायचं. ज्याला नियम ठाऊक नाही तो भेटेल त्या शब्दाची मोडतोड करतो. बोली म्हणजे मोडकं बोलणं नव्हे. तिला तिची शिस्त आहे, आणि ती चुकली की आमच्या कानाला लगेच खडा लागतो.

'जाया' म्हणजे जायला, आणि पाचव्या ओळीतलं 'बगाया' म्हणजे बघायला. तिच्या पुस्तकात जुन्या कवितेत 'करावया', 'पहावया' अशी रूपं आलेली होती. मी म्हटलं, तीच ही. पुस्तकात ती जुनी झाली, आमच्या तोंडात अजून रोजची आहेत.

आणि त्या ओळीतला 'गं' सोडून चालणार नाही. आम्ही बाईला 'गं' म्हणतो, बाप्याला 'रं'. म्हणजे गाणं म्हणणारी कुणा बाईशी बोलते आहे. ती बाई कोण, ते पुढं येईल.

दुसऱ्या ओळीत ममई म्हणजे मुंबई. थोरले चुलते गिरणीत होते. त्या काळात आमच्याकडं घरटी एक माणूस मुंबईला असायचा. 1982च्या संपात ते कायमचे गावाला आले, पण गाणं रचलं तेव्हा वर्षातनं एकदा, दिवाळीला यायचे. 'त्यास्नी' हा शब्द नातीला अवघड वाटला. 'स्नी' हा आमचा अनेकवचनाचा 'ना'. पोरास्नी म्हणजे पोरांना, बैलास्नी म्हणजे बैलांना. वऱ्हाडात ह्या ठिकाणी 'ले' लावतात, आमच्याकडं 'स्नी'. नातीनं बरोबर पकडलं, "पण मुंबईला तर एकच माणूस होता. अनेकवचन कशाला?" तेच तर. थोरली आई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही आणि त्यांना एकेरीही बोलायची नाही. 'त्याला' म्हटलं असतं तर तो गडी झाला असता. 'त्यास्नी' म्हटलं म्हणून धनी झाले. अनेकवचन माणसं मोजायला नाही वापरलं, मान द्यायला वापरलं.

आता तिसरी ओळ, ज्या ओळीसाठी हे सगळं लिहितो आहे.

'बैलं जुपली दिरानं'. शाळेत बैल पुल्लिंगी, म्हणून 'बैल जुंपले'. आम्ही अनेकवचनात 'बैलं' म्हणतो, नपुंसकलिंगी, म्हणून 'जुपली'. नातीला वाटलं गाई जुंपल्या की काय. नाही. 'घरं बांधली', 'झाडं लावली' तशीच 'बैलं जुपली'. आणि हा दीर म्हणजे माझे वडील.

'चाडं धरलं म्या हातानं'. चाडं म्हणजे पाभरीवरचं लाकडी वाडगं. त्याला खाली भोकं असतात, भोकाला नळ्या आणि नळ्या फणापर्यंत गेलेल्या. बियाणं ओटीत घ्यायचं, मूठ भरायची आणि चाड्यावर धरून बोटांच्या फटींतनं दाणा सोडत राहायचा. बैल चालतात त्या बेतानं हात चालला पाहिजे. शाळवाला एकरी चार किलो बियाणं लागतं. तेवढंच सबंध एकरभर सारखं पडलं पाहिजे. हात ढिला पडला की दाट होतं आणि पुढं ओल पुरत नाही. हात आखडला की विरळ होतं. एक नळी बुजली आणि ध्यानात आलं नाही तर सबंध तास रिकामं जातं. आठ दिवसांनी उगवण झाली की कुणाचा हात कसा होता हे सगळ्या गावाला बांधावरनं दिसतं. बैल हाकणारा चुकला तर तास वाकडं होतं, चाडं धरणारा चुकला तर वर्ष वाकडं होतं. म्हणून चाडं घरातल्या जाणत्या माणसाकडं असायचं. त्या वर्षी ते माझ्या थोरल्या आईकडं होतं.

आता 'म्या' बघा. नातीला मी आधी चार वाक्यं बोलून दाखवली. मी रानात जातो. मी शाळू पेरतो. मी रानात गेलो. म्या शाळू पेरला. पहिल्या तिन्हींत 'मी', चौथ्यात 'म्या'. का? तिनं व्याकरणाचं पुस्तक उघडलं आणि तिचं तिनंच शोधून काढलं. चौथ्या वाक्यात क्रियापद सकर्मक आहे आणि भूतकाळ आहे. तिथं 'रामाने शाळू पेरला' असं होतं, रामाला 'ने' लागतो. प्रमाण भाषेत 'मी'ला काहीच लागत नाही, 'मी जातो'तला आणि 'मी पेरला'तला मी दिसायला एकच. आमच्या बोलीत मात्र दोन वेगळे आहेत. 'राम'ला जसं 'रामानं', तसं 'मी'ला 'म्या'. 'म्या काय करावं?' असंही आम्ही म्हणतो, तिथंही 'रामानं काय करावं' असंच असतं. हा 'म्या' काही गावठी लोकांनी बिघडवलेला नाही. जुन्या मराठी ग्रंथांत 'म्यां' असा अनुस्वारासकट तो सापडतो. लिहिणाऱ्यांनी टाकून दिला, बोलणाऱ्यांनी ठेवला, एवढंच.

आता स्मरणिकेतली ओळ घ्या. 'म्या'चं 'त्या' केलं की होतं, चाडं धरलं त्या हातानं. वाचायला कुठंच अडत नाही. म्हणूनच ती चूक धोक्याची. अर्थ असा होतो, की दिरानं बैलं जुपली आणि त्याच हातानं चाडंही धरलं. म्हणजे सगळं दिरानं केलं. बाई घरी बसून गाणं म्हणत होती.

नात म्हणाली, "आबा, तुम्हाला पाठ आहे म्हणून तुम्ही म्हणताय. दुसऱ्याला कसं पटेल?" प्रश्न चांगला होता. मी तिला गाण्यातलीच साक्ष काढायला लावली. एक, 'त्या हातानं' म्हणायचं तर आधी कुठला तरी हात गाण्यात आलेला पाहिजे. आलेला नाही. दोन, शेवटच्या ओळीत 'धाडीन' आहे, म्हणजे मी पाठवीन. हा 'मी' कोण आणि कणीस पाठवायचा तिला हक्क कशाचा, हे आधी कुठं तरी सांगितलेलं पाहिजे. सबंध गाण्यात तो 'मी' एकाच जागी आहे, तो ह्या 'म्या'त. तो काढला तर 'धाडीन'ला धनीच उरत नाही. तीन, दोन अर्ध्या ओळी समोरासमोर ठेवून बघ. 'जुपली दिरानं', 'धरलं म्या'. दोन्हीकडं काम आधी आणि करणारा मागनं. त्यानं ते केलं, मी हे केलं. वाटणी सरळ आहे.

बाहेरची साक्ष म्हणाल तर माझ्या वडिलांची. ते होते तोवर त्या रानाचा विषय निघाला की म्हणायचे, "बैलं म्या हाकली, पेरलं वयनीनं." घरातली बाकीची माणसं मात्र 'धाकट्यानं थोरल्याचं रान सांभाळलं' असंच बोलायची. सात-बाऱ्यावर नाव चुलत्यांचं, लोकांच्या तोंडात नाव वडिलांचं. थोरल्या आईचं नाव कुठंच नव्हतं. होता तो एवढा 'म्या'. तोही छापताना गेला.

चौथ्या ओळीत 'शाळवाची' आहे. नात 'शाळूची' म्हणते, आणि आता आमची पोरंही तसंच म्हणतात. पण विंचू-विंचवाचा, भाऊ-भावाचा, तसा शाळू-शाळवाचा. लाडवाचा डबा म्हणणारी माणसं अजून आहेत, तोवर हे रूप जगेल. 'जाती' म्हणजे जाते. मूठ बाई आहे, म्हणून 'जाती'. पोरगी येती, गाय जाती, असं आम्ही बोलतो.

'दोन नळ्यानं' हे मात्र नातीला मी बोलीचा नमुना म्हणून लिहू दिलं नाही. नळ्या दोन, तर आम्ही बोलताना 'नळ्यांनी' म्हणू. इथं वरच्या ओळीत 'हातानं' आहे, त्याच्याशी जुळावं म्हणून 'नळ्यानं' झालं. गाण्यावरनं बोली शिकायची तर हे भान ठेवावं लागतं. ओळीच्या शेवटचा शब्द पुष्कळदा यमकाचा चाकर असतो. मधला शब्द मोकळा असतो, त्याची साक्ष जास्त खरी. 'म्या' मधला आहे.

पाचवी ओळ. 'उगवल्यालं' म्हणजे उगवलेलं. केल्यालं, पेरल्यालं, फाटल्यालं, असं आमचं रूप. हस्तात पेरलेला शाळू दिवाळीपर्यंत रानभर हिरवा दिसायला लागतो. कणीस तेव्हा नसतं, नुसतं उगवलेलं असतं. म्हणून ती 'पिकल्यालं' म्हणत नाही. मग 'या म्हणावं'. हा 'म्हणावं' कुणाला? ज्या बाईला पहिल्या ओळीत 'गं' म्हटलं तिलाच. तू त्यांना म्हण, की या. ती बाई माझी आई. थोरल्या आईला लिहिता येत नव्हतं. माझी आई चौथी शिकलेली, तीच मुंबईला पत्र लिहायची. थोरली आई सांगायची आणि आई लिहायची. 'म्हणावं' हा शब्द त्या पत्रातला आहे. हे आधीपासून ठाऊक होतं, पण गाणंच पत्र आहे हे मला ओट्यावर नातीला 'म्हणावं' समजावून सांगताना उमगलं.

शेवटच्या ओळीत 'धाडीन' आहे. नात 'पाठवेन' म्हणते. तिच्या पुस्तकातला जुना नियम तिला दाखवला. ज्याला कर्म आहे त्याला 'ईन', करीन, मारीन, पाठवीन. ज्याला नाही त्याला 'एन', बसेन, उठेन. आता शहरात सगळ्यालाच 'एन' लावतात. थोरल्या आईनं तो नियम वाचला नव्हता, पाळला होता.

आणि 'ऱ्हावा'. हा शब्द शहरी माणसाला फसवतो. 'राहावं', म्हणजे त्यांनी राहावं, असं वाटतं. तसं नाही. आमच्याकडं समोरच्या मोठ्या माणसाला 'जावा', 'खावा', 'ऱ्हावा' असं म्हणतात. जा, खा, राहा यांची ती मानाची रूपं. 'ऱ्हावा' म्हणजे तुम्ही राहा. दुसऱ्या ओळीत जे 'त्यास्नी' होते, लांबचे होते, ते इथं 'तुम्ही' झाले. पाचव्या ओळीत 'म्हणावं' आहे, सहाव्यात नाही. मला असं वाटतं, की इथं ती लिहिणारीला विसरली आणि सरळ नवऱ्याशी बोलली. जमलं नाही तर राहा तुम्ही, मी कणीस पाठवीन.

नात म्हणाली, "पण आबा, मागचा 'म्हणावं' ह्या ओळीलाही लागू होऊ शकतो ना? राहा म्हणावं, असं?" होऊ शकतो. नुसत्या व्याकरणानं हे तुटत नाही. दोन्ही अर्थ बसतात.

माझी आई आता पंचाऐंशीच्या पुढं आहे. आत वाकळेवर पडून ती आमचं ऐकत होती. मी तिथनंच विचारलं, "आये, थोरल्या आईनं पत्रात 'न्हाई जमलं तर ऱ्हावा' असं लिहाया सांगितलं हुतं का गं?"

आई म्हणाली, "न्हाई बाबा. दिवाळीला या, एवढंच लिवाया सांगायची. ती कडेची वळ ती रानात म्हणायची. माझ्याफुडं कवा म्हणली न्हाई."

नातीनं वहीत 'त्या' खोडला, वर 'म्या' लिहिला, आणि शेवटच्या ओळीसमोर कंसात लिहिलं, ही ओळ पत्रात नव्हती.